ॲप काढलं, अकाउंट तसंच

*ताई, नमस्कार. आम्ही कळव्याला, खारेगावात राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. मे महिन्यात त्याने आपणहून मोबाईलवरचा गेम सोडला आणि ॲप काढून टाकलं. मला वाटलं, विषय संपला. पण गणपतीत ऐरोलीचा मावसभाऊ म्हणाला, याचं प्रोफाइल अजून दिसतंय, नाव, शाळेच्या गणवेशातला फोटो, सगळं. शिवाय कोणी एक अनोळखी माणूस त्यांच्या ग्रुपमध्ये ‘हा राहतो कुठे, क्लासला कुठे जातो’ असं विचारतोय. मुलाने ॲप परत टाकून अकाउंट डिलीट केलं, तरी मावसभावाला ते दिसतंच आहे. कंपनीला ईमेल केला तर ‘विनंती मिळाली’ एवढंच उत्तर आलं. हे कायमचं पुसायचं कसं? कायद्याने आमचा काही हक्क आहे का? आणि त्याचं जीमेलसुद्धा बंद करून टाकू का? – एक आई, कळवा*

आधी त्या अनोळखी माणसाचं बघू या. अकाउंट पुसलं की त्याच्याविरुद्धचा पुरावाही पुसला जाऊ शकतो, म्हणून हे काम सगळ्यात पहिलं. मावसभावाच्या फोनवर त्या ग्रुपमधलं बोलणं उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या. मग त्या माणसाच्या नावावर दाबून त्याचं प्रोफाइल उघडा. तिथे नावाखाली किंवा कोपऱ्यात आकड्यांचा एक क्रमांक असतो, मुलं त्याला यूआयडी म्हणतात. तो क्रमांक स्क्रीनशॉटमध्ये आलाच पाहिजे. गेममधलं नाव कोणीही पाच मिनिटांत बदलतो, यूआयडी मात्र तोच राहतो. तारीख-वेळ दिसत नसेल तर वहीत लिहून ठेवा. एवढं झालं की गेममधूनच त्याला रिपोर्ट करा.

मुलाला शांतपणे एकदा विचारा की या माणसाने कधी भेटायला बोलावलं होतं का, फोटो मागितले होते का, धमकावलं होतं का. यातलं काहीही घडलं असेल तर अकाउंट पुसायचं काम तूर्त बाजूला ठेवा आणि आधी तक्रार करा. cybercrime.gov.in वर महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, तेव्हा तिथल्या सायबर पोलिसांकडे प्रत्यक्ष जाऊनही तक्रार देता येईल. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनसुद्धा आहे. पोलिसांनी माहिती उतरवून घेतल्यावरच पुढचं सगळं करायचं.

असं काही घडलं नसेल, तर आता अकाउंटकडे येऊ. डिलीट करूनही ते दिसतंय, यात कंपनीची लबाडी असेलच असं नाही. मला वाटतं, तुमच्या मुलाने भलतंच अकाउंट डिलीट केलं आहे. हा माझा अंदाज आहे, कारण माझ्या नेरुळच्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं होतं.

गेम पहिल्यांदा उघडला की तो विचारतो, कशाने आत येणार? गूगल, फेसबुक, ॲपल, मोबाईल नंबर की नुसतं पाहुणा, म्हणजे ‘गेस्ट’? मुलं घाईत असतात, पहिलं दिसेल त्यावर दाबतात. पुढे कधीतरी गेम म्हणतो, अकाउंट जोडा, बक्षीस मिळेल, मग ते फेसबुकला किंवा गूगलला जोडलं जातं. वर्षभराने ॲप परत टाकलं की तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि आधी आपण कशाने आत जायचो हे मुलाला आठवत नाही. त्याने फेसबुकऐवजी गूगलवर दाबलं, तर बरेच गेम ‘तुमचं जुनं अकाउंट वेगळं आहे’ असं सांगत बसत नाहीत. ते त्या गूगलवर निमूटपणे एक नवंकोरं अकाउंट उघडून देतात. माझ्या भाच्याने असंच तीन मिनिटांपूर्वी जन्मलेलं अकाउंट मोठ्या निर्धाराने डिलीट केलं होतं. जुनं, लेव्हल 57 चं, दीडशे मित्रांचं अकाउंट जागच्या जागी होतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. मुलाला विचारा, डिलीट करायच्या आधी गेमने तुला पहिल्यापासून शिकवायला सुरुवात केली होती का? ‘इथे दाबा, असं चाला’ असे बाण आले होते का? मित्रांची यादी रिकामी होती का? उत्तर हो असेल तर ते अकाउंट नवं होतं.

खरं अकाउंट शोधायची किल्ली मावसभावाकडेच आहे. त्याला त्याच्या मित्रांच्या यादीतून तुमच्या मुलाचं प्रोफाइल उघडायला सांगा आणि तिथला यूआयडी लिहून घ्या. आता मुलाच्या फोनवर एकेका मार्गाने आत जाऊन बघा: आधी फेसबुक, मग त्याचं गूगल, मग घरातल्या इतर कोणाचं गूगल, मग मोबाईल नंबर. प्रत्येक वेळी आत गेल्यावर यूआयडी ताडून पाहायचा. जुळला की थांबायचं. वडिलांच्या जुन्या फोनवर खेळायला सुरुवात झाली असेल तर अकाउंट वडिलांच्या जीमेलला जोडलेलं निघतं, हेही लक्षात असू द्या.

अकाउंट शेवटपर्यंत ‘गेस्ट’च राहिलं असेल तर मात्र पंचाईत असते. अशा अकाउंटची किल्ली बहुतेक वेळा त्या फोनवरच्या ॲपमध्येच असते. ॲप काढताना ती गेली, आणि कंपनीच्या सर्व्हरवर अकाउंट उरलं. मग तुम्हाला स्वतःहून आत जाता येणार नाही, कंपनीलाच यूआयडी देऊन सांगावं लागेल. त्याचा मजकूर पुढे देते.

समजा अकाउंट सापडलं. लगेच डिलीटवर जाऊ नका, आधी आत थोडी आवराआवर करा. डिलीट केल्यावर मधे थांबण्याची मुदत असते आणि त्या काळात प्रोफाइल बाहेरच्यांना दिसत राहू शकतं. म्हणून गणवेशातला फोटो आत्ताच काढून तिथे गेमचं एखादं चित्र लावा. नावात खरं नाव किंवा शाळेचं नाव असेल तर ते बदला. नाव बदलायला काही गेममध्ये खास कार्ड किंवा नाणी लागतात. ती अकाउंटबरोबर जाणारच आहेत, तर ती इथे खर्च करा. स्वतःविषयीच्या ओळीतून क्लास, परिसर, इन्स्टाग्रामचं नाव काढून टाका. ग्रुपमधून बाहेर पडा. मित्रांना काढलं तर उत्तमच, पण दीडशे जणांना एकेक करून काढणं कंटाळवाणं आहे. निदान अनोळखी आहेत तेवढे तरी काढा.

पैशांचंही आत्ताच बघा. गूगल प्लेमध्ये वर उजवीकडच्या फोटोवर दाबून Payments & subscriptions मध्ये जा आणि महिन्याला पैसे कापणारं काही चालू आहे का ते तपासा. ॲप काढल्याने किंवा अकाउंट पुसल्याने ते आपोआप थांबत नाही, वेगळं रद्द करावं लागतं. न विचारता केलेल्या खरेदीचे पैसे परत मागायचे असतील तर तेही आधी. अकाउंट गेल्यावर ‘हे आमचंच होतं’ हे दाखवणं कठीण. उरलेल्या नाण्यांचे आणि स्किनचे, म्हणजे गेममधल्या विकतच्या वेशभूषांचे पैसे मात्र परत मिळतील असं धरून चालू नका.

आता डिलीट. गेमच्या सेटिंगमध्ये अकाउंट किंवा प्रायव्हसी या भागात Delete account असतं. सापडत नसेल तर प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर Data safety हा भाग उघडा. ज्या ॲपमध्ये अकाउंट उघडता येतं त्याने ते ॲपमधून आणि वेबवरच्या दुव्यावरूनही पुसू दिलं पाहिजे, असा गूगलचा नियम आहे. तो दुवा त्या भागात मिळतो. म्हणजे त्यासाठी ॲप परत टाकायचीही गरज नसते. आयफोनसाठी ॲपलने 30 जून 2022 पासून ॲपमध्येच अकाउंट पुसायची सोय सक्तीची केली आहे.

बटण दाबल्यावर सहसा ईमेलवर एक कोड येतो, तो टाकला की विनंती नोंदली जाते. तेव्हा येणारा स्क्रीन वाचल्याशिवाय बंद करू नका. तिथे थांबण्याची मुदत लिहिलेली असते. एपिक गेम्सच्या अकाउंटला ती 14 दिवसांची आहे, स्टीमवर 30 दिवसांची. तुमच्या गेमची जी असेल ती स्क्रीनशॉटमध्ये घ्या आणि कालनिर्णयवर शेवटच्या तारखेला खूण करा.

या मुदतीत सगळं फिसकटतं ते एकाच कारणाने. कोणीतरी आत जातं. बऱ्याच गेममध्ये मधल्या काळात एकदा जरी लॉगिन झालं, तरी ‘मन बदललं’ असं समजून विनंती रद्द होते. माझ्या भाच्याने दुसऱ्या वेळी बरोबर अकाउंट शोधलं, विनंती टाकली, आणि नवव्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीने घरातल्या जुन्या टॅबवर चित्र दिसलं म्हणून गेम उघडला. टॅबवर त्याचंच गूगल होतं. गेम आपोआप आत गेला, ‘परत आलात, स्वागत’ असा फलक झळकला आणि नऊ दिवस पाण्यात गेले. आम्हाला हे कळलं चौदा दिवसांनी, जेव्हा मित्राला प्रोफाइल पुन्हा हिरव्या ठिपक्यासकट दिसलं.

म्हणून विनंती टाकल्यावर त्याच दिवशी घरातला प्रत्येक फोन, टॅब, लॅपटॉप बघा. आजीच्या फोनवरही मुलं गेम टाकून ठेवतात. सगळीकडून ॲप काढा. गूगल प्ले गेम्सच्या सेटिंगमध्ये गेममध्ये आपोआप साइन-इन होण्याची सोय असते, ती बंद करा. मुलालाही सांगा की ‘गेलं का बघू’ म्हणून स्वतः आत डोकावायचं नाही. बघायचं ते मावसभावाने, बाहेरून.

एक चूक हुशार माणसंही करतात. गूगल किंवा फेसबुकच्या सेटिंगमध्ये जाऊन गेमची जोडणी आधीच तोडून टाकतात आणि समजतात, झालं. जोडणी तोडल्याने गेमला यापुढे तिथून माहिती मिळत नाही, पण आधी घेतलेली माहिती गेमच्या सर्व्हरवर तशीच राहते. वर तुमचा आत जायचा मार्ग बंद होतो, आणि ‘अकाउंट माझंच आहे’ हे सिद्ध करायला पुन्हा कंपनीचे पाय धरावे लागतात. तेव्हा आधी अकाउंट पुसायचं, मुदत संपू द्यायची, आणि मगच जोडणी तोडायची. गूगलसाठी ती जागा myaccount.google.com/connections इथे आहे. प्ले गेम्समध्ये स्वतःची काही नोंद असते, कोणते गेम खेळलात, काय मिळवलंत वगैरे. तीही तिथल्या सेटिंगमधून एकेका गेमपुरती पुसता येते. पण ती गूगलकडची नोंद. ती पुसल्याने कंपनीकडचं अकाउंट जात नाही, आणि कंपनीकडचं पुसल्याने गूगलकडचं जात नाही. दोन्हीकडे वेगवेगळं सांगावं लागतं.

आता तुमचा ईमेल. ‘विनंती मिळाली’ हे यंत्राने पाठवलेलं उत्तर आहे. त्यात एक तिकीट क्रमांक असेल, तो जपून ठेवा. पण मदत विभागाला पाठवलेला ईमेल आणि तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेला ईमेल यांत फरक आहे. भारतात गेम चालवणाऱ्या कंपनीने 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. गेमच्या प्रायव्हसी पॉलिसीत अगदी खाली Grievance Officer असं शोधा. त्याने तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. निकाल पटला नाही, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे विनाशुल्क अपील करता येतं. घरबसल्या, ऑनलाइन.

तक्रार अधिकाऱ्याला काय लिहायचं? कंपनीला समजेल अशा साध्या इंग्रजीत पाठवा, पण मजकूर असा असू द्या:

‘मी अमुक यूआयडीच्या खेळाडूची आई आहे. मुलगा 15 वर्षांचा आहे. खातं उघडताना जन्मतारीख चुकीची टाकली गेली असू शकते. हे खातं आणि त्यासोबतची सगळी वैयक्तिक माहिती, म्हणजे नाव, फोटो, ईमेल, मोबाईल नंबर, फोनची ओळख, ठिकाणाची नोंद, चॅट आणि आवाजाच्या नोंदी, कायमची पुसावी. या माहितीच्या वापराला दिलेली संमती मी मागे घेत आहे. ही माहिती जाहिरात कंपन्यांना किंवा इतर कोणाला दिली असल्यास त्यांनाही पुसायला कळवावं. कायद्याने काही ठेवणं भाग असेल तर काय, कोणत्या कायद्याखाली आणि किती दिवस, हे लेखी कळवावं. पुसून झाल्यावर तारखेसह ईमेल करावा.’

शेवटची दोन वाक्यं सोडू नका. ‘सगळं पुसा’ एवढंच लिहिलं तर ‘पुसलं’ एवढंच उत्तर येतं. ‘काय ठेवलं’ हे विचारल्यावर कोणाला तरी बसून नीट उत्तर लिहावं लागतं.

जन्मतारखेचं मुद्दाम लिहिलं आहे. बहुतेक मुलं अकाउंट उघडताना सन मागे ढकलून मोकळी होतात, त्यामुळे कंपनीच्या नोंदीत तुमचा दहावीतला मुलगा पंचविशीचा असू शकतो. खरं वय सांगितल्याशिवाय त्याच्याकडे लहान मूल म्हणून कोणी पाहणार नाही.

ओळख पटवायला कंपनी कागद मागू शकते. आधार पाठवू नका. माहिती पुसायला निघालोय आणि त्यासाठी आणखी नाजूक माहिती हातात द्यायची, हे मला मुळीच पटत नाही. त्याऐवजी जीमेलमध्ये GPA. असं शोधा. गूगल प्लेवर केलेल्या प्रत्येक खरेदीच्या पावतीवर या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. 80 रुपयांची एक खरेदी असली तरी तो क्रमांक आणि यूआयडी मिळून अकाउंट तुमचंच हे दाखवायला चांगला पुरावा होतो. खरेदीच नसेल तर अकाउंट साधारण कधी उघडलं, कोणत्या फोनवर, शेवटची लेव्हल कोणती, दोन-तीन मित्रांची गेममधली नावं, हे द्या. वयाचा दाखला मागितलाच, तर जन्मदाखल्यावरची नाव आणि तारीख सोडून बाकी माहिती झाकून पाठवा.

हक्काबद्दल सध्या बरंच अर्धवट वाचायला मिळतं, म्हणून स्पष्ट सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 सालचा आहे. त्यातल्या 12 व्या कलमात आपली माहिती पुसून मागायचा हक्क आहे, आणि 6 व्या कलमात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं म्हटलं आहे. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 9 वं कलम अधिक कडक आहे: पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत. मूल लहान असेल तर हे हक्क आई-वडिलांनी वापरायचे. कंपनी परदेशातली असली तरी ती भारतातल्या लोकांना सेवा देत असेल तर कायदा तिला लागू होतो.

पण या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि वरची मुख्य कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये अमलात यायची आहेत. तोवर ‘कलम 12 खाली पुसा’ असा दम देता येत नाही. पत्रात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही, कंपन्या त्याच्या तयारीला लागलेल्या आहेत. मात्र आज हातात असलेली खरी वाट म्हणजे तक्रार अधिकारी, त्यावरचं अपील आणि स्टोअरचे नियम. पुढे कलमं लागू झाल्यावर कंपनीला तक्रारीचं उत्तर जास्तीत जास्त 90 दिवसांत द्यावं लागेल, आणि त्यानेही भागलं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल. मंडळ जबर दंड करू शकतं. तो सरकारजमा होतो, तक्रारदाराला भरपाई म्हणून मिळत नाही.

आणखी एक वाट फार थोड्यांना माहीत असते. प्रायव्हसी पॉलिसीत कंपनीचा पत्ता बघा. ती युरोपीय संघातली असेल, उदाहरणार्थ क्लॅश ऑफ क्लॅन्स बनवणारी सुपरसेल फिनलंडमधल्या हेलसिंकीची आहे, तर तिथला जीडीपीआर हा कायदा त्या कंपनीच्या सगळ्या कामकाजाला लागू होतो, खेळाडू कळव्यात बसलेला असला तरी. त्या कायद्याचं 17 वं कलम पुसून घेण्याचं आहे. उत्तर एका महिन्यात द्यावं लागतं, गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर कारण कळवून आणखी दोन महिने घेता येतात. तुमच्या कंपनीचा पत्ता युरोपातला निघाला तर पत्रात ‘जीडीपीआर, कलम 17’ एवढं जरूर लिहा. कंपनी अमेरिकेतली, कोरियातली किंवा सिंगापूरची असेल आणि तुम्ही भारतात राहून खेळत असाल, तर या कायद्याचा आधार धरता येणार नाही.

पुसलं तरी काय उरतं, हेही सांगते, म्हणजे उत्तर आल्यावर धक्का बसणार नाही. 2021 च्या त्याच नियमांत लिहिलं आहे की अकाउंट बंद झाल्यावर नोंदणीची माहिती 180 दिवस जपून ठेवायची. तपास यंत्रणांना लागली तर मिळावी म्हणून. तेव्हा कंपनीने ‘नोंदणीची माहिती 180 दिवस ठेवू’ असं कळवलं तर ती टाळाटाळ समजू नका. खरेदीच्या नोंदी त्याहून जास्त काळ राहतात. जीएसटीच्या हिशेबाची कागदपत्रं कंपनीला वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात. पण त्या हिशेबासाठी मुलाचा फोटो, चॅट किंवा तो राहतो कुठे हे ठेवायची काही गरज नसते. कंपनीने ‘कायद्यासाठी’ एवढंच मोघम उत्तर दिलं, तर नेमकं इथे बोट ठेवून परत विचारा.

दुसऱ्यांच्या हातात गेलेलं मात्र कंपनी परत आणू शकत नाही. मित्रांनी घेतलेले स्क्रीनशॉट, कोणी यूट्यूबवर टाकलेला खेळाचा व्हिडिओ ज्यात मुलाचं नाव दिसतं, हे ज्याने टाकलं त्याच्याकडे किंवा त्या त्या ठिकाणी वेगळं मागावं लागतं. जाहिरात कंपन्या ज्यावरून फोन ओळखतात तो फोनमधला क्रमांकही राहून जातो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगलच्या Ads भागात Delete advertising ID आहे, ते एकदा दाबून टाका. मिनिटाचं काम आहे.

काही न करता सोडून दिलं तर अकाउंट आपोआप जाईल का? डेटा संरक्षण कायद्याच्या नव्या नियमांत त्याची तरतूद आहे, पण फक्त मोठ्या कंपन्यांसाठी. भारतात किमान 50 लाख नोंदणीकृत खेळाडू असलेल्या गेम कंपनीने, खेळाडू तीन वर्षं फिरकला नाही तर त्याची माहिती पुसायची आणि त्याआधी निदान 48 तास त्याला कळवायचं. ती तीन वर्षंही नियम अमलात आल्यापासून पुढे मोजायची. तुमच्या मुलाची बारावी होऊन जाईल तोवर. त्यापेक्षा आत्ताच हाताने पुसलेलं बरं.

मुदत संपल्यावर खरंच गेलं का हे तपासायला मावसभावाला गेमच्या शोधात तोच यूआयडी टाकायला सांगा. नावाने शोधू नका, त्या नावाचे दुसरे खेळाडू निघतील. ‘खेळाडू सापडला नाही’ असं आलं किंवा मित्रांच्या यादीत नावाच्या जागी रिकामं प्रोफाइल दिसलं, तर झालं. जुनंच प्रोफाइल दिसलं, तर त्यावर ‘शेवटचं ऑनलाइन’ काय दाखवतं ते बघा. तारीख तुम्ही विनंती केल्यानंतरची असेल तर घरातलंच कुठलं तरी उपकरण आत गेलं आहे, ते शोधून पुन्हा विनंती टाका. तारीख विनंतीच्या दिवसाची किंवा त्याआधीची असेल तर चूक कंपनीची. तो स्क्रीनशॉट तिकीट क्रमांकासह तक्रार अधिकाऱ्याला पाठवा.

राहिलं जीमेल. ते आत्ता बंद करू नका. पुसण्याचा कोड त्यावर येणार, कंपनीचं लेखी उत्तर त्यावर येणार, GPA. च्या पावत्या त्यातच आहेत, आणि कंपनीने ठेवलेल्या माहितीबद्दल सहा महिन्यांनी विचारायचं झालं तर त्याच पत्त्यावरून विचारावं लागेल. कंपनीने पुसल्याची तारीख कळवली की त्यात 180 दिवस मिळवा, त्या दिवशी ‘नोंदणीची माहितीही पुसली का’ असा एक ओळीचा ईमेल करा, आणि त्याचं उत्तर आल्यावर जीमेलचं काय ते ठरवा. तोवर त्याचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि ती तुमच्या फोनला जोडा. तुमच्या गेमचं नाव मी इथे छापलेलं नाही. तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता सापडला नाही तर सदराच्या ईमेलवर कळवा, प्रायव्हसी पॉलिसी आपण एकत्र बसून वाचू.